अर्धी शक्ती, तीन डेसिबल

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगवहीत ०.७०७ हा आकडा पिढ्यानपिढ्या लिहिला जातो. फिल्टरचा आलेख सेमी-लॉग कागदावर काढायचा, सर्वांत वरच्या पातळीला ०.७०७ ने गुणायचं, त्या उंचीवर पट्टीने आडवी रेघ मारायची, ती वक्ररेषेला जिथे छेदते तिथून खाली लंब टाकायचा आणि तिथली वारंवारता 'कट-ऑफ' म्हणून नोंदवायची. शेजारी लिहायचं: उणे तीन डेसिबल. तोंडी परीक्षेत 'तीनच का?' असं विचारलं की उत्तर येतं, "तिथे शक्ती निम्मी होते, सर." उत्तर चूक नाही, पण त्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. निम्म्याला तीन हा आकडा का मिळाला, हा पहिला. तो अंकगणिताचा आणि थोडासा इतिहासाचा आहे. फिल्टरची हद्द आखायला निम्मंच का निवडलं, हा दुसरा. तो सर्किटच्या स्वभावाचा आहे. पहिला लवकर सुटतो. दुसऱ्यापाशी मात्र निवांत बसावं, इतका तो देखणा आहे.

डेसिबल जन्माला आला टेलिफोनच्या तारेत. तारेतून आवाज जाताना प्रत्येक मैलाला त्यातली ठरावीक रक्कम जात नाही, ठरावीक हिस्सा जातो. पहिल्या मैलानंतर समजा चार पंचमांश शक्ती उरली, तर दुसऱ्या मैलानंतर त्या चार पंचमांशाचे चार पंचमांश उरतात. म्हणजे अंतराची बेरीज होते तेव्हा शक्तीचा गुणाकार होत असतो. अमेरिकेतले टेलिफोन इंजिनिअर सुरुवातीला ही घट मोजायला 'प्रमाणित केबलचा मैल' हेच एकक वापरत. एखाद्या उपकरणामुळे आवाज किती क्षीण झाला? तर अमुक मैल केबलमधून गेल्याइतका. सोय चांगली होती, पण खऱ्या केबलमधली घट वारंवारतेप्रमाणे बदलते, त्यामुळे एकच मैल खर्जातल्या सुराला वेगळा आणि टिपेच्या सुराला वेगळा पडे. १९२० च्या दशकात बेल कंपनीच्या इंजिनिअरांनी केबलला बाजूला सारून निव्वळ गुणोत्तरावर उभं राहणारं एकक ठरवलं: दोन शक्तींचं गुणोत्तर घ्यायचं, दहाच्या पायावर त्याचा लॉग काढायचा आणि त्याला दहाने गुणायचं. या एककाला पुढे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून डेसिबल म्हणू लागले, आणि डब्ल्यू. एच. मार्टिन यांनी १९२९ साली बेल सिस्टिमच्या तांत्रिक नियतकालिकात ते नाव रीतसर जाहीर केलं. गंमत म्हणजे नवं एकक जुन्या मैलाच्या अगदी जवळ येईल अशा बेताने आखलं होतं. वर्षानुवर्षं मैलांत विचार करणाऱ्या माणसांच्या मनातला अंदाज त्यामुळे मोडला नाही.

आता दुप्पट किंवा निमपट म्हणजे किती डेसिबल? कॅल्क्युलेटरशिवाय हे काढता येतं. दोनला दोनने गुणत गेलं की दहाव्या पायरीवर १०२४ येतात, म्हणजे जवळजवळ हजार. हजार म्हणजे तीनदा दहापट, आणि दर दहापटीला दहा डेसिबल, म्हणजे तीस. दहा वेळा दुप्पट केल्यावर जवळजवळ तीस डेसिबल होत असतील, तर एका दुपटीच्या वाट्याला तीन येतात. १०२४ हे हजाराहून किंचित जास्त असल्यामुळे खरा आकडा ३.०१०३ आहे. उलट्या बाजूने पाहायचं तर नेमके तीन डेसिबल घटल्यावर शक्ती ५० नव्हे, ५०.१ टक्के उरते. हा फरक इतका बारीक आहे की प्रयोगशाळेत तो दिसतही नाही. तेव्हा 'तीन' हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. आपण दहाचा पाया घेतला आणि दोनचा दहावा घात हजाराच्या इतका जवळ पडला, म्हणून तो असा गोल झाला. निसर्गाचा भाग निम्म्यात आहे, तीनात नाही.

०.७०७ येतो तो असा. तेवढ्याच रोधात खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शक्ती निम्मी व्हायला व्होल्टेज निम्मं करावं लागत नाही. ज्याचा वर्ग अर्धा येईल इतकंच करावं लागतं, म्हणजे ०.७०७. व्होल्टेज खरोखर निम्मं झालं तर शक्ती पावपट होते आणि डेसिबल सहा पडतात. मापनाच्या चुकांत ही गल्लत सर्वांत जास्त आढळते: स्कोपवर लाटेची उंची अर्धी झाली की विद्यार्थी 'अर्धी म्हणजे तीन डेसिबल' म्हणून तिथेच खूण करतो. साध्या एका टप्प्याच्या फिल्टरमध्ये व्होल्टेज निम्मं होतं ते कट-ऑफच्या १.७३ पट वारंवारतेला. म्हणजे या चुकीने उत्तर पाच-दहा टक्क्यांनी नव्हे, पाऊणपटीने वाढतं.

आता दुसरा प्रश्न. निम्मंच का? पंचाहत्तर टक्के का नको, दहा टक्के का नको? याचं उत्तर एका रोधकात आणि एका कपॅसिटरमध्ये मिळतं. १.६ किलोओहमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक जोडू. दोघांच्या टोकांना एक व्होल्टचा साइन सिग्नल देऊ आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज बाहेर घेऊ. हा झाला लो-पास फिल्टर. वारंवारता कमी असताना कपॅसिटरचा विरोध प्रचंड असतो, त्यामुळे जवळजवळ सगळा व्होल्ट त्याच्यावरच पडतो, म्हणजे बाहेर मिळतो. वारंवारता वाढवत नेली की कपॅसिटरचा विरोध त्याच प्रमाणात घटत जातो आणि व्होल्टेजचा मोठा वाटा रोधकाकडे सरकतो. रोधक मात्र जागचा हलत नाही. तो १६०० ओहमवर कायम.

घटता घटता कपॅसिटरचा विरोध एका ठिकाणी रोधकाइतकाच, १६०० ओहम होतो. ती वारंवारता सूत्रातून काढता येते:

f = 1/(2πRC)

आपल्या आकड्यांनी ती सुमारे ९९५ हर्ट्झ येते. त्याच्या खाली कपॅसिटरची चलती, त्याच्या वर रोधकाची, आणि बरोबर तिथे दोघांची बरोबरी. हद्द आखायला यापेक्षा नैसर्गिक जागा कुठली? अर्ध्या शक्तीचा विचारही अजून आपल्या मनात आलेला नाही. आपण फक्त दोन विरोध समसमान कुठे होतात, एवढंच विचारलं आहे.

आता तिथे व्होल्टेज मोजू. दोन भाग सारखे, म्हणून एक व्होल्टची सारखी वाटणी होऊन प्रत्येकाला अर्धा मिळेल असं वाटतं. मीटर मात्र रोधकावर ०.७०७ दाखवतो आणि कपॅसिटरवरही ०.७०७. बेरीज १.४१! पुरवला एक व्होल्ट आणि मिळाले जवळजवळ दीड, असं पहिल्यांदा पाहणारा मीटरच्या वायरी तपासू लागतो. वायरी ठीक असतात. रोधकावरचं व्होल्टेज प्रवाहाबरोबर चढतं-उतरतं. कपॅसिटरवरचं पाव आवर्तन मागे राहतं, कारण कपॅसिटर आधी भरावा लागतो. एक शिखरावर असतं तेव्हा दुसरं शून्यावर. अशा दोन राशी सरळ बेरजेने नव्हे, काटकोनात मिळतात. माणूस मोकळ्या मैदानात सात पावलं पूर्वेला आणि मग सात पावलं उत्तरेला चालला, तर मूळ जागेपासून तो चौदा नव्हे, जेमतेम दहा पावलांवर असतो; तोच हिशेब. पायथागोरसच्या नियमाने ०.७०७ चा वर्ग अर्धा, दुसऱ्याचाही अर्धा, आणि दोन अर्धे मिळून एक.

म्हणजे वाटणी समसमानच झाली आहे, पण ती व्होल्टेजची नाही, व्होल्टेजच्या वर्गाची आहे. आणि वर्ग म्हणजेच शक्तीचं माप. काटकोनात उभ्या असलेल्या दोन भागांनी एका गोष्टीची सारखी वाटणी केली की प्रत्येकाकडे शक्तीच्या मापाने अर्धा भाग येणारच. अर्धी शक्ती ही कुणी समितीत बसून ठरवलेली खूण नाही. R आणि कपॅसिटरचा विरोध सारखे झाले, याचा तो परिणाम आहे. त्या परिणामाला डेसिबलच्या पट्टीवर ठेवलं की तीन वाचलं जातं.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण पुस्तकं तो बहुधा गाळतात. कपॅसिटर शक्ती खर्च करत नाही. घेतो आणि परत देतो. मग 'अर्धी शक्ती' नेमकी कुणाची? अक्षरशः पाहायचं तर रोधकाची. वारंवारता खूप वाढवली की सगळा व्होल्ट रोधकावर येतो आणि तो ०.६२५ मिलिवॉट इतका तापतो. ९९५ हर्ट्झला तो बरोबर याच्या अर्धा, ०.३१२ मिलिवॉट खर्च करतो. कपॅसिटरच्या बाजूने बाहेर घेतलेल्या सिग्नलबद्दल आपण अर्धी शक्ती म्हणतो तेव्हा अर्थ एवढाच की हे व्होल्टेज पुढे एकाच ठरावीक रोधाला पुरवलं, तर त्यात कमी वारंवारतेला खर्च होणाऱ्या शक्तीच्या निम्मी खर्च होईल. हा अर्थ मनाशी पक्का असला की वेगवेगळ्या रोधांवरची व्होल्टेजेस घेऊन डेसिबल काढण्याची चूक होत नाही.

त्या बरोबरीच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना काय होतं, तेही आकड्यांत बघावं. आपल्या फिल्टरमध्ये शंभर हर्ट्झला घट ०.०४ डेसिबल, म्हणजे नसल्यासारखीच. पाचशेला साधारण एक. हजाराच्या जरा अलीकडे तीन. दोन हजाराला सात. दहा हजाराला वीस, म्हणजे व्होल्टेज दहावा हिस्सा. यात कुठेही कडा नाही, ढासळणारा कठडा नाही. उतार हळूहळू सुरू होतो आणि मग दर दहापटीला वीस डेसिबल या वेगाने चालू राहतो. कट-ऑफच्या खालचं सगळं जसंच्या तसं जातं आणि वरचं सगळं अडतं, ही समजूत घेऊन फिल्टर वापरला की निराशा होते. एक हजारची हद्द असलेला हा फिल्टर अकराशेचा सूर अडवत नाही. जेमतेम साडेतीन डेसिबलने उतरवतो, आणि ऐकणाऱ्याला तो सूर गेला असं मुळीच वाटत नाही. तरीही आलेखाचा सपाट भाग सरळ उजवीकडे वाढवला आणि उतरता भाग सरळ डावीकडे, तर त्या दोन रेघा नेमक्या ९९५ हर्ट्झवरच मिळतात. खरी वक्ररेषा त्या कोपऱ्याच्या तीन डेसिबल खालून वळते. म्हणून इंजिनिअर त्याला 'कॉर्नर' असंही म्हणतात.

खरी कसोटी लागते ती दुसरा टप्पा जोडताना. एका फिल्टरने पुरेसा उतार मिळत नाही म्हणून तसाच आणखी एक मागे जोडायचा, हे अगदी स्वाभाविक. पण जोडल्यावर कट-ऑफ ९९५ हर्ट्झ राहत नाही. समजा मधे ऑप-ॲम्पचा बफर ठेवला आहे, म्हणजे दुसरा टप्पा पहिल्यावर भार टाकत नाही. मग ९९५ हर्ट्झला पहिला तीन डेसिबल उतरवतो, दुसरा आणखी तीन, एकूण सहा. तीन डेसिबलची जागा मागे सरकून ६४० हर्ट्झवर येते. आणि बफर न ठेवता तेच दोन टप्पे थेट जोडले तर? दुसऱ्या टप्प्यातला प्रवाह पहिल्या रोधकातूनच येतो, त्यामुळे पहिल्याचं व्होल्टेज आणखी वाकतं. हिशेब केला तर ९९५ हर्ट्झला बाहेर बरोबर एक तृतीयांश व्होल्ट मिळतो, साडेनऊ डेसिबल खाली, आणि तीन डेसिबलचा बिंदू ३७२ हर्ट्झवर जाऊन पडतो. कागदावर हजार, टेबलावर पावणेचारशे. विद्यार्थी अशा वेळी कपॅसिटर खराब म्हणून बदलत बसतात.

दोष कपॅसिटरचा की भाराचा, हे ओळखणं सोपं आहे. दुसरा टप्पा सोडवून घ्यावा आणि पहिल्याच्या टोकाला पुन्हा मोजावं. कट-ऑफ जागेवर परत आला तर भारच कारण होता. बफर नसेल तर दुसऱ्या टप्प्यात दसपट रोध आणि दशांश कपॅसिटर घ्यावा, १६ किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड. गुणाकार तोच राहतो, पण दुसरा टप्पा पहिल्याकडून दशांशच प्रवाह मागतो. मग तीन डेसिबलचा बिंदू ६०० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे बफरवाल्या ६४० च्या बराच जवळ. आणखी एक तपासणी मला फार भरवशाची वाटते: तीन डेसिबलच्या बिंदूवर कला-अंतर मोजावं. एकच रोधक आणि एकच कपॅसिटर असेल तर बाहेरचा सिग्नल आतल्याच्या बरोबर ४५ अंश मागे असतो, कारण बरोबरीच्या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणात दुसरा कोनच शक्य नाही. थेट जोडलेल्या दोन टप्प्यांत तो ५२ अंशांच्या पुढे जातो, बफरवाल्यात ६५ च्या. उंची ०.७०७ आणि कोन ४५ हे दोन्ही जुळले, तरच ती खरोखर एका टप्प्याची हद्द समजावी.

ज्या यंत्राने आपण हे मोजतो, त्यालाही हीच हद्द असते, हे पुष्कळदा लक्षात राहत नाही. '१०० मेगाहर्ट्झ' असं लिहिलेला ऑसिलोस्कोप १०० मेगाहर्ट्झपर्यंत अचूक दाखवतो असा अर्थ नाही. तो आकडा त्याचा स्वतःचा तीन डेसिबलचा बिंदू आहे. तिथे एक व्होल्टचा साइन सिग्नल दिला तर पडद्यावर ०.७ व्होल्टच्या आसपास दिसू शकतो, जवळजवळ तीस टक्के कमी. एका टप्प्याच्या फिल्टरसारखा त्याचा उतार धरला, तर चूक तीन टक्क्यांच्या आत ठेवायला पंचवीस मेगाहर्ट्झपाशी थांबावं लागतं. स्वस्त मल्टिमीटरचं तर त्याहून आधीच बिनसतं. त्यातले बरेचसे वीजपुरवठ्याच्या पन्नास हर्ट्झच्या आसपास खरे असतात आणि काही किलोहर्ट्झला स्वतःच उतरू लागतात. मग जो कट-ऑफ सापडतो तो फिल्टरचा की मीटरचा, हे मीटर थेट जनरेटरला लावून आधी पाहिलेलं बरं.

एकापेक्षा जास्त टप्प्यांच्या फिल्टरमध्ये 'दोन भागांची बरोबरी' असं काही एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत नाही. मग तिथे तीन डेसिबल कशाला? स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये जी रचना मांडली, तिच्यात टप्पे कितीही वाढवले तरी अर्ध्या शक्तीचा बिंदू हलत नाही. उतार फक्त तीव्र होत जातो. एका रोधक-कपॅसिटरची खूण तिथे जाणूनबुजून जपली आहे. चेबिशेव प्रकारच्या फिल्टरमध्ये तसं नसतं. त्याचा वरचा भाग सपाट नसून तिथे ठरावीक उंचीच्या लहरी असतात, म्हणून हद्द बहुधा त्या लहरींची मर्यादा शेवटची जिथे ओलांडली जाते तिथे मानतात. अर्ध्या डेसिबलची लहर असेल तर हद्द अर्ध्या डेसिबलवर. कुणाच्या तक्त्यातून कपॅसिटरच्या किमती उचलताना तो तक्ता कुठली हद्द धरतो, हे पाहिलं नाही तर फिल्टर व्यवस्थित चालतो, पण भलत्याच वारंवारतेला.

आणि स्पीकरच्या पेटीत तर तीन डेसिबल सोडून मुद्दाम सहा घेतलेले सापडतात. खर्जाचा मोठा स्पीकर आणि वरच्या सुरांचा छोटा ट्विटर यांच्यात सिग्नल वाटणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये एका बाजूला लो-पास असतो, दुसऱ्या बाजूला हाय-पास, आणि एका वारंवारतेला दोघेही सारखाच आवाज देतात. दोन्ही फिल्टर एकेका टप्प्याचे असतील तर त्यांचे सिग्नल तिथे काटकोनात असतात, म्हणून प्रत्येकी ०.७०७ घेतले की समोर बसलेल्याला पूर्ण एक मिळतो. पण दोघे एकाच कलेत येत असतील तर हवेचा दाब सरळ बेरजेने मिळतो, ०.७०७ आणि ०.७०७ चे १.४१ होतात आणि नेमक्या त्या सुरापाशी तीन डेसिबलचा उंचवटा ऐकू येतो. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि रस रायली यांचंही नाव लागलेल्या रचनेत म्हणून दोन्ही बाजू तिथे निम्म्या दाबावर, सहा डेसिबल खाली ठेवल्या आहेत. तिचा चौथ्या श्रेणीचा फिल्टर बनवायला नवं काही शोधावं लागत नाही. दुसऱ्या श्रेणीचे दोन सारखे बटरवर्थ फिल्टर बफर ठेवून एकामागे एक लावायचे, म्हणजे त्या एकाच वारंवारतेला पहिला तीन उतरवतो आणि दुसरा तीन.